५२ टक्के, पण कशाचे?

*आमच्या तालुक्यातून निघणाऱ्या मासिकात ‘वादळं आणि कोकण’ असा लेख लिहितोय. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, असं पुण्याच्या एका संस्थेच्या अभ्यासात आल्याचं बातमीत वाचलं. मथळा ठरवलाय : ‘कोकणावर आता दीडपट वादळं!’ आमचे वाचक बागायतदार, मच्छीमार, शिक्षक. आकडे त्यांना समजतील असे सांगायचे आहेत, पण उद्या कुणी अभ्यासक म्हणाला की ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’, तर पंचाईत. कसं लिहू?*

मथळ्यापासूनच सुरुवात करू, कारण गडबड तिथेच झाली आहे. तुमच्याकडचा आकडा बरोबर आहे. तो कोकणाचा नाही, एवढंच.

बातमीच्या मागचा शोधनिबंध पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. २०२१ मध्ये तो ‘क्लायमेट डायनॅमिक्स’ या नियतकालिकात आला. पूर्ण निबंध लगेच हाताशी आला नाही तरी त्याचा सारांश कुणालाही वाचता येतो आणि तो एका परिच्छेदाचा आहे. बातमी बाजूला ठेवा आणि आधी तो वाचा. अभ्यासकांनी उत्तर हिंदी महासागरातल्या १९८२ ते २०१९ या काळातल्या चक्रीवादळांच्या नोंदी घेतल्या आणि त्या काळाचे दोन भाग केले : १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९. दोन्ही भाग १९ वर्षांचे. पहिल्याच्या तुलनेत दुसऱ्या भागात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी जास्त भरली, तर बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी कमी भरली. अरबी समुद्रातली वादळं जास्त काळ टिकू लागली आणि जास्त जोर धरू लागली, असंही त्यांना दिसलं.

या सगळ्यात कोकण कुठेच नाही. मोजला आहे तो समुद्र. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की हवामान खातं त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतं आणि नाव देतं. अरबी समुद्रात कुठेही तसं झालं की मोजणीत एकाची भर पडते. ते वादळ पुढे रत्नागिरीकडे आलं, ओमानकडे गेलं की पाण्यावरच विरून गेलं, हा प्रश्न ५२ टक्क्यांच्या आकड्याला पडतच नाही.

हे वाचकाला पटवायचं तर २०१९ हे वर्ष घ्या. हवामान खात्याच्या दीर्घकालीन सरासरीनुसार अरबी समुद्रात वर्षाला साधारण एक चक्रीवादळ होतं. त्या वर्षी पाच झाली. जूनमध्ये ‘वायू’ आलं. आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं, गुजरातला धडकणार म्हणून तिथली गावं रिकामी केली गेली, पण ते समुद्रातच घुटमळून ओसरलं. सप्टेंबरात ‘हिक्का’ ओमानवर गेलं. ऑक्टोबरात ‘क्यार’ झालं. ते आपल्याच समोरच्या समुद्रात वाढलं, महाचक्रीवादळाच्या दर्जाला गेलं आणि पश्चिमेला निघून जाऊन पाण्यावरच संपलं. त्याच्या मागोमाग ‘महा’. तेही आधी खोल समुद्रात गेलं, मग गुजरातच्या दिशेने वळलं आणि किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्याची ताकद गेली. डिसेंबरात ‘पवन’ सोमालियाकडे गेलं. म्हणजे अभ्यासाच्या मोजणीत या एका वर्षाची पाच वादळं आहेत आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यातलं एकही चढलेलं नाही.

तुमच्या वाचकाला यात काहीही अवघड नाही. क्यार आणि महा त्याला नीट आठवतात. दिवाळीच्या तोंडावर बंदरात बावटा लागला होता, होड्या देवगड-जयगडच्या आडोशाला उभ्या होत्या आणि शेतात कापून ठेवलेलं भात भिजत होतं. याचा अर्थ असा की वादळ किनाऱ्यावर आलं नाही तरी नुकसान होतं, आणि हे तुम्ही लेखात जरूर लिहा. फक्त ते तुमचं निरीक्षण म्हणून लिहा. समुद्रात वादळ असलं की मासेमारीचे किती दिवस बुडतात, भाताचं किती नुकसान होतं, हे या अभ्यासाने मोजलेलं नाही. ‘अभ्यासानुसार’ हा शब्द ज्या वाक्याला लावला आहे त्याच वाक्याशी तो संपला पाहिजे. पुढच्या वाक्यावर त्याची सावली पडली की वाचक तुमचं मत शास्त्रज्ञांच्या खात्यावर मांडतो.

कोकणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष चढलेली अलीकडची वादळं म्हणजे नोव्हेंबर २००९ मधलं ‘फयान’ आणि ३ जून २०२० चं ‘निसर्ग’. मे २०२१ चं ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासत वर गेलं आणि गुजरातमध्ये जमिनीवर चढलं. ही संख्या एका हाताच्या बोटांवर मावते. एवढ्याशा संख्येची टक्केवारी काढण्यात अर्थ नसतो : एकाची दोन झाली की ‘शंभर टक्के वाढ’ होते आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. म्हणून ‘मग कोकणापुरता आकडा किती?’ असं कुणी विचारलं तर या अभ्यासातून तो काढता येत नाही, हेच खरं उत्तर आहे. ते छापायला लाजू नका.

आता आकड्याकडे. टक्केवारी एकटी छापू नये, हे सगळेच सांगतात. पण शेजारी काय छापायचं, तेही ठरवावं लागतं. सगळ्यात चांगलं म्हणजे निबंधातल्या तक्त्यातल्या मूळ संख्या : पहिल्या १९ वर्षांत इतकी वादळं, दुसऱ्या १९ वर्षांत इतकी. निबंध मिळत नसेल तर लेखकांना पत्र पाठवून मागा. संशोधक बहुतेक वेळा आनंदाने पाठवतात. तोवर अंदाज यावा म्हणून हवामान खात्याची ढोबळ सरासरी वापरता येईल : उत्तर हिंदी महासागरात वर्षाला साधारण पाच चक्रीवादळं, त्यातली चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात. एकात ५२ टक्के वाढ म्हणजे दीड. वर्षाला अर्धं वादळ, म्हणजे दोन वर्षांत एक जास्तीचं. चारांतून ८ टक्के वजा केले की उरतात पावणेचारच्या आसपास. दीड आणि पावणेचार शेजारी ठेवले की वाचकाला एका नजरेत कळतं की वादळांच्या बाबतीत उपसागर अजूनही बराच पुढे आहे. नाहीतर ‘इथे ५२ टक्के वाढ, तिथे ८ टक्के घट’ एवढंच वाचून तो समजतो की आता पारडं फिरलं आणि आपणच ओडिशा झालो. मात्र हा हिशेब माझा आहे. खात्याची सरासरी वेगळ्या, लांबच्या काळाची आहे आणि निबंधाने असा गुणाकार केलेला नाही. लेखात घेतलात तर ‘ढोबळ हिशेबाने’ हे शब्द ठेवा आणि तो निबंधाचा नाही हेही सांगा.

‘दीडपट’ हा शब्दही जपून वापरा. ‘संख्या दीडपट झाली’ म्हणजे दहाची पंधरा झाली, यात वाद नाही. पण ‘दीडपटीने वाढली’ म्हटलं की अर्धे वाचक दहाची पंधरा समजतात आणि उरलेले दहाची पंचवीस. ‘दीडशे टक्के’ हा शब्द मध्ये आला की आणखी घोळ. तिप्पटीचंही तसंच. याच सारांशात अतितीव्र वादळांच्या टिकण्याच्या काळाबद्दल ‘जवळपास तिप्पट’ अशा अर्थाचा उल्लेख आहे, आणि इंग्रजी वाक्य असं बांधलं आहे की काळ तिप्पट झाला की तिपटीएवढी भर पडली, हे दोन्ही अर्थ निघू शकतात. अशा जागी अंदाजाने मराठी करू नका. तक्ता बघा. बघायला मिळाला नाही तर ते वाक्य सोडून द्या. एका लेखात एक आकडा नीट बसला तरी पुष्कळ झालं. ५२ टक्के, ८ टक्के, तिप्पट असं सगळं ओतलं तर वाचकाच्या लक्षात शेवटी एवढंच राहतं की ‘सगळं खूप वाढलंय’.

मराठीत फसवणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘लक्षणीय’. सारांशात वाढीला जे विशेषण लावलं आहे त्याचं भाषांतर आपण सवयीने ‘लक्षणीय’ किंवा ‘मोठी’ असं करतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘मोठी’ असा नसतो. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता कमी आहे, इतकाच तो असतो. वाढ अगदी छोटी असूनही या अर्थाने ‘लक्षणीय’ असू शकते आणि मोठी दिसणारी वाढ तशी नसू शकते. मी अशा ठिकाणी विशेषण गाळते आणि सरळ लिहिते : ‘ही वाढ केवळ योगायोगाची असावी असं आकडेवारीवरून वाटत नाही.’ वाक्य लांबतं खरं, पण संपादकाने कापलं तर मी पुन्हा घालते.

माझीच एक फजिती सांगते, कारण ती तुमच्या लेखाला तंतोतंत लागू आहे. तौक्ते येऊन गेल्यानंतर मी याच विषयावर एका मासिकासाठी लिहिलं होतं. मजकूर मी चार वेळा तपासला होता. ‘अरबी समुद्रात’ असंच लिहिलं होतं, कोकण म्हटलं नव्हतं, दोन्ही कालखंड दिले होते. अंक हातात आला तेव्हा वरच्या अर्ध्या पानावर निसर्ग वादळात आडवी झालेली सुपारीची बाग होती आणि चित्रावरच पांढऱ्या अक्षरांत ‘५२ टक्के’. मजकुरात एकही चूक नव्हती, चित्रातही नव्हती. दोन्ही मिळून मात्र जे सांगत होते ते खोटं होतं : अशा बागा आता दीडपट पडणार.

ते मला कळलं हर्णै बंदरावर. ओळखीच्या एका तांडेलाने फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. मला बघितल्यावर म्हणाला, ‘ताई, म्हणजे आता दर वर्साला येनार काय ओ?’ त्याचा पुतण्या कर्ज काढून होडी घेणार होता आणि घरात त्यावरून वाद चालू होता. मी त्याला तिथेच उभ्या उभ्या २०१९ च्या पाच वादळांची गोष्ट सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘मग ह्ये वरती का नाय लिवलं?’ मजकूर माझा होता, मथळा आणि चित्र कार्यालयात ठरलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. लेख लिहायला घेण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहिते : कुणी, काय, कुठे, कधीपासून कधीपर्यंत आणि कशाच्या तुलनेत मोजलं. तुमच्या बाबतीत ते असं होईल : ‘पुण्याच्या अभ्यासकांनी अरबी समुद्रात झालेली चक्रीवादळं मोजली, २००१ ते २०१९ मध्ये ती १९८२ ते २००० च्या तुलनेत ५२ टक्क्यांनी जास्त होती.’ लेख झाला की मथळा, उपमथळा, चित्र, चित्राखालची ओळ आणि चौकट या पाच गोष्टी त्या वाक्याशेजारी ठेवून बघते. मजकूर नंतर. कारण बहुतेक लोक त्या पाच गोष्टीच वाचतात, आणि कागदावरच्या वाक्यात नसलेला शब्द शिरतो तोही तिथेच. तुमच्या मथळ्यात असे दोन शब्द आहेत : ‘कोकणावर’ आणि ‘आता’.

‘कोकणावर’चं झालं. ‘आता’ही तितकाच अडचणीचा आहे. मोजणी २०१९ ला थांबते. निसर्ग २०२० चं आणि तौक्ते २०२१ चं, म्हणजे तुमच्या वाचकाच्या मनात ताजी असलेली दोन्ही वादळं या अभ्यासाच्या बाहेरची आहेत. ती पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. ‘अभ्यासाने जे सांगितलं तेच निसर्गने खरं करून दाखवलं’ असं वाक्य माझ्याकडे येणाऱ्या लेखांत हमखास असतं. एका वादळाने असलं काही सिद्ध होत नाही आणि पुढची दोन वर्षं शांत गेली म्हणून खोटंही ठरत नाही.

निसर्गच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, अतितीव्र चक्रीवादळ अशा पायऱ्या आहेत. तीव्र ताशी ८९ किलोमीटरपासून आणि अतितीव्र ११८ पासून सुरू होतं. निसर्ग हे ‘तीव्र’ या पायरीवरचं होतं. निबंधात ज्या गटातल्या वाढीचा वेगळा उल्लेख आहे तो ‘अतितीव्र’ आणि त्यावरचा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या बागा ज्याने झोपवल्या ते वादळ त्या गटात बसतच नाही. हे वाचून लोकांना आश्चर्य वाटेल आणि ते वाटू द्यावं : वर्गवारी वाऱ्याच्या वेगाची असते, बागेच्या नुकसानीची नव्हे. पण ‘अतितीव्र वादळं वाढली’ या वाक्याला लागून निसर्गचं वर्णन आलं की वाचक दोन्हींची सांगड घालणारच. त्यांच्यात एक परिच्छेद तरी अंतर ठेवा.

आणि २०१९ बद्दल. दुसरा कालखंड नेमका अशा वर्षी संपतो, ज्यात सरासरीच्या पाचपट वादळं झाली. यात अभ्यासकांची लबाडी नाही. लिहायला बसले तेव्हा उपलब्ध असलेलं ते शेवटचं वर्ष होतं. शिवाय त्यांनी नुसती दोन टोकं मोजली नाहीत, मधल्या सगळ्या वर्षांचा कलही तपासला आहे. तरी संख्या मुळातच लहान असल्या की एखादं जबर वर्ष टक्केवारीला चांगलंच ढकलतं, हे वाचकाला सांगितलेलं बरं. एक वाक्य पुरे : ‘या काळाच्या शेवटच्या एकाच वर्षात पाच वादळं झाली होती.’ त्यापुढे ‘त्यामुळे निष्कर्ष संशयास्पद’ असं जोडू नका. तसं म्हणायला लागणारा हिशेब तुम्हीही केलेला नाही, मीही नाही. उलट बाजूचीही काळजी घ्या : १९८२ च्या आधीच्या काळाबद्दल हा अभ्यास बोलत नाही. उपग्रह नव्हते तेव्हा भर समुद्रात होऊन तिथेच विरलेलं वादळ कुणाच्या नोंदीत यायचं तर एखादं जहाज तिथून जायला हवं होतं. त्यामुळे ‘इतिहासात प्रथमच’ किंवा ‘शंभर वर्षांत कधी नव्हे ते’ हे शब्द इथे बसत नाहीत.

कारणांचा भाग सगळ्यात नाजूक. अरबी समुद्र तापतो आहे आणि वादळाला खाद्य पुरवणारी उष्णता आता पाण्याच्या वरच्या थरात जास्त साठते आहे. वादळांचा वाढता जोर आणि त्यांचं टिकणं याच्याशी निबंधाने या उष्णतेचा संबंध जोडला आहे. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे : वादळ समुद्राच्या वाफेवर चालतं. नुसता पृष्ठभाग गरम असेल तर वादळ पाणी घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि स्वतःचंच इंधन तोडतं. खोलवर गरम असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं. हे तुम्ही खुशाल समजावून सांगा, वाचकाला आवडेल. पण ‘समुद्र तापल्यामुळे वादळं ५२ टक्क्यांनी वाढली’ हे वाक्य लिहू नका. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसणं, त्यांच्यामागे पटेल असं कारण असणं, आणि त्या वाढीतला नेमका एवढा वाटा या कारणाचा असं मोजून दाखवणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या निबंधाच्या आधारावर पहिल्या दोन लिहिता येतील.

माणसाने केलेल्या तापमानवाढीचा हात किती, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळ्या जातीचा अभ्यास लागतो. संगणकीय प्रारूपात माणसाचा परिणाम घालून आणि काढून दोन जगं चालवतात आणि वादळांची तुलना करतात. अरबी समुद्रावर तसा अभ्यास झाला आहे. हिरोयुकी मुराकामी आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा निबंध पावसाळ्यानंतर येणाऱ्या फार प्रबळ वादळांबद्दल आहे आणि त्यात माणसाच्या परिणामामुळे अशा वादळांची शक्यता वाढल्याचं म्हटलं आहे. त्याआधी २०११ मध्ये अमाटो इव्हान आणि सहकाऱ्यांनी वेगळीच बाजू मांडली होती : हवेतली काजळी आणि इतर कण यांच्यामुळे वरच्या थरातल्या वाऱ्यांची रचना बदलते आणि वादळांना जोर धरायला मोकळीक मिळते. म्हणजे समुद्राची उष्णता हा एकच धागा नाही. लेखात जागा असेल तर हे निबंध ज्याच्या त्याच्या नावाने, वेगळ्या वाक्यांत द्या. देशपांडे यांच्या ५२ टक्क्यांना मुराकामींचं कारण चिकटवून एक वाक्य केलं, तर ते वाक्य दोघांपैकी कुणाचंच राहत नाही. असं कलम आंब्याला चालतं, निबंधांना नाही.

मजकूर मी साधारण असा लिहीन :

‘अरबी समुद्रात पूर्वीपेक्षा जास्त चक्रीवादळं होऊ लागली आहेत का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी ३८ वर्षांच्या नोंदी तपासल्या. २००१ ते २०१९ या १९ वर्षांत तिथे झालेली वादळं त्याआधीच्या १९ वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी जास्त होती. मुळात इथे वादळं कमीच. ढोबळ सरासरी वर्षाला एक. यातली बहुतेक आपल्याकडे येत नाहीत. २०१९ मध्ये पाच झाली, पण कोकणच्या किनाऱ्यावर एकही चढलं नाही. तरी क्यार आणि महा समुद्रात असताना आपल्या बंदरांत काय झालं ते आपण पाहिलं आहे. कोकणावर येणारी वादळं वाढली का, हे या अभ्यासात तपासलेलं नाही.’

‘बहुतेक आपल्याकडे येत नाहीत’ हे वाक्य निबंधातलं नाही, ते वादळांच्या मार्गांच्या नोंदींवरून आलेलं आहे. म्हणून त्याला ‘अभ्यासानुसार’ जोडलेलं नाही. शेवटचं वाक्य मात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू देऊ नका. संपादक म्हणेल की हे ‘नकारार्थी’ आहे, लेखाचा जोर जातो. जायचा तो जाऊ दे. हर्णैच्या तांडेलाला हवं होतं ते हेच वाक्य.

छापायला देण्याआधी दोन जणांना दाखवा. एक, निबंधाच्या लेखकांपैकी कुणी. अख्खा लेख पाठवून ‘कसा वाटला’ विचारू नका. त्यांच्या कामाबद्दलची तीन-चार वाक्यं तेवढी पाठवा आणि विचारा : ‘यात तुम्ही न म्हटलेलं काही आहे का?’ नेमकं विचारलं की नेमकं उत्तर येतं. त्यांनी शैली बदलायला सांगितलं तर ऐकायची सक्ती नाही, पण तथ्याबद्दल सांगितलं तर ऐका. दुसरा, ज्याच्यासाठी लिहिताय तसा माणूस. त्याला लेख वाचायला द्या, काढून घ्या, आणि अर्ध्या तासाने विचारा की यात काय होतं. ‘समजलं का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. तो म्हणाला, ‘आपल्याकडं वादळं वाढणारेत’, तर मजकूर पुन्हा लिहायचा. तो म्हणाला, ‘समुद्रात वाढलीत, इकडं येतात का ते त्यांनी बघितलं नाय’, तर छापायला द्या.

मथळा ‘अरबी समुद्रात वादळं वाढली, कोकणाचं काय?’ असा चालेल, कारण त्यातला दुसरा भाग खरोखरच प्रश्न आहे आणि लेखात त्याचं प्रामाणिक उत्तर आहे. निसर्गमधल्या बागेचं चित्र लावायचंच असेल, आणि तुमचा संपादक लावेलच, तर आकडा चित्रावर घेऊ देऊ नका आणि खाली ही ओळ द्या : ‘जून २०२० मधल्या निसर्ग वादळात पडलेली सुपारीची बाग. लेखातला अभ्यास २०१९ पर्यंतचा आहे; त्यात या वादळाचा समावेश नाही.’